बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी सोपी नोटीस आणि संमतीचा फॉर्म कसा लिहायचा

प्रश्न: मी बडोद्यात बौद्धिक दिव्यांग मोठ्या माणसांच्या वर्कशॉपमधे काम करते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे दातांचं शिबिर आहे आणि नोटीस व संमतीचा फॉर्म सोप्या भाषेत करायचं काम माझ्याकडे आलंय. मी वाक्यं छोटी केली, चित्रं टाकली, अक्षर मोठं केलं, तरी आमच्या मुलामुलींना त्यातलं फारसं कळत नाहीये. मूळ नोटीस अशी आहे: "सर्व लाभार्थ्यांना कळविण्यात येते की दि. १४ रोजी सकाळी १०.३० ते १.०० या वेळेत संस्थेच्या आवारात दंतचिकित्सा शिबिराचे आयोजन करण्यात आले असून ओळखपत्र व संमतीपत्र जमा केल्याशिवाय तपासणी व आवश्यक उपचार करण्यात येणार नाहीत. कोणीही रिकाम्या पोटी येऊ नये." काय चुकतंय?

उत्तर:

ताई, वाक्यं छोटी करणं आणि चित्रं टाकणं हे शेवटचं काम आहे, तुम्ही ते पहिलं केलंत म्हणून अडलंय. ही नोटीस एकाच दमात दोन वेगळी कामं करायला बघते, एक म्हणजे शिबिर आहे हे सांगणं आणि दुसरं म्हणजे तपासणीला तुमची तयारी आहे का हे विचारणं. सांगण्याचा कागद वाचून माणूस काहीतरी करतो, म्हणजे त्या दिवशी येतो, कार्ड आणतो. विचारण्याचा कागद वाचून तो काहीतरी ठरवतो. हे दोन कागद वेगळे करा, शक्य असेल तर वेगळ्या दिवशी द्या, आधी नोटीस आणि दोन-तीन दिवसांनी फॉर्म. एकत्र दिलं की आपली माणसं सहीची रेघ बघतात, पेन उचलतात आणि वरचं सगळं सोडून देतात, कारण आयुष्यभर त्यांना कागद दिसला की "इथे सही कर" एवढंच सांगितलं गेलंय.

मग मूळ मजकुरातून काय ठेवायचं ते ठरवा. मी एक कोरा कागद घेऊन वरती लिहिते, "हा कागद वाचून माणसाने काय करायचं?" आणि खाली फक्त क्रियापदं. तुमच्या नोटिशीत ती तीनच निघतात: १४ तारखेला, म्हणजे सोमवारी, वर्कशॉपला यायचं, खाऊन यायचं, कार्ड आणायचं. शिवाय डॉक्टर काय करतील हे सांगायला हवं, नाहीतर भीती वाटते. 'संस्थेच्या आवारात', 'आयोजन', 'लाभार्थी' हे सगळं जाऊ द्या. पण एक गोष्ट तुमच्या मूळ नोटिशीत नाहीच आणि ती घालावी लागेल, दुखलं किंवा भीती वाटली तर काय करायचं. सोपं करताना लोक नेमकं हेच गाळतात, घाबरतील म्हणून. मोठ्या माणसाला अर्धी माहिती देऊन खुर्चीत बसवणं मला मान्य नाही आणि व्यवहारातही ते उलटतं, कारण तोंडात आरसा गेला की माणूस डॉक्टरांचा हात धरतो आणि पुढच्या वर्षी शिबिराचं नाव काढलं तरी घरी बसतो.

आता भाषेआधी लिपी, कारण तुम्ही बडोद्यात आहात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांतून मराठी बोलतात पण मुलं शिकली ती बहुतेक गुजराती शाळेत, रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, बसवरची अक्षरं गुजराती. म्हणजे आईशी मराठी बोलणाऱ्या दादाला वाचता येतात ती गुजराती अक्षरं, असं खूपदा असतं. वर्कशॉपमधे प्रत्येकाला दोन ओळींचे दोन कागद द्या, एक मराठी एक गुजराती, आणि कुठला हातात धरून वाचायला लागतो ते बघा. विचारू नका, बघा, विचारलं तर आपल्याला जे आवडेल ते सांगतात. मग त्या त्या माणसाला त्या त्या भाषेचा वेगळा कागद. एकाच कागदावर वर मराठी खाली गुजराती असं कधीच करू नका, डोळा कुठून सुरू करायचा हेच कळत नाही आणि कागद दुप्पट भरलेला दिसतो.

आकड्यांचं तर मी हट्टाने सांगते, दोन्ही कागदांवर मोबाईलवर दिसतात तेच आकडे लिहा, 1, 2, 3 हे. मोबाईल, घड्याळ, नोटा, गॅसचं बिल सगळीकडे तेच असतात. देवनागरीतला १ हा मोबाईलच्या 9 सारखा दिसतो, आणि गुजरातीत तर पाचचा आकडा प सारखा आणि दोनचा आकडा र सारखा असतो. आपण वाक्याच्या ओघात ओळखतो, अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्याला तो ओघ मिळत नाही. (मी हे उत्तर तुमच्यासाठी लिहितेय म्हणून माझे आकडे मराठी आहेत, नमुन्यातले मुद्दाम तसे नाहीत.)

तारीख लिहिताना वार, आकडा, महिना, तिन्ही. 'उद्या', 'परवा', 'येत्या सोमवारी', 'आठ दिवसांनी' असलं काही नको. परवा आपल्यात दोन्ही बाजूंना चालतं आणि गुजरातीत 'काले' हे झालेल्या आणि येणाऱ्या दोन्ही दिवसांना म्हणतात, त्यामुळे बडोद्याच्या घरात हे शब्द आधीच एकमेकांत मिसळलेले असतात. आणि '१०.३० ते १.००' हे तर काढूनच टाका. ती वेळ डॉक्टरांची आहे, वाचणाऱ्याची नाही. त्याला हवंय की माझा नंबर कधी. साडे, पावणे, दीड ज्यांना लागत नाही त्यांच्यासाठी रोजच्या ठरलेल्या गोष्टीला वेळ बांधा, प्रार्थनेनंतर, चहानंतर, डब्याच्या आधी. तुमच्याकडे तीस माणसं असतील तर तीन गट करा आणि प्रत्येक गटाच्या कागदावर एकच वेळ छापा. तीन प्रिंट काढायला दहा मिनिटं जास्त लागतील पण दिवसभर "माझा नंबर कधी, माझा नंबर कधी" हे थांबेल.

आता वाक्यं. छोटं वाक्य म्हणजे सोपं वाक्य नाही, हे आधी डोक्यातून काढा. "पूर्वतपासणी अनिवार्य." हे दोन शब्दांचं वाक्य आहे आणि कोणालाच कळणार नाही. मी तीन गोष्टी बघते. पहिली, करणारा कोण ते वाक्यात सुरवातीलाच आहे का. 'तपासणी करण्यात येईल' यात कोणीच नाही, 'डॉक्टर तुमचे दात बघतील' यात डॉक्टर दिसतात. दुसरी, एकाच गोष्टीला एकच शब्द. वर 'डॉक्टर' म्हटलं की खाली 'दंतवैद्य' नको आणि 'वर्कशॉप' म्हटलं की 'संस्था' नको, वाचणाऱ्याला वाटतं दुसरीच कुठली जागा आहे. शाळेत आपल्याला तोच शब्द परत आला की खराब निबंध असं शिकवलंय, इथे नेमकं उलटं आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, नकार.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'रिकाम्या पोटी येऊ नका' यात पहिले तीन शब्द वाचून झाले की डोक्यात चित्र तयार होतं की रिकाम्या पोटी यायचंय, आणि मग 'नका' येतो. हळू वाचणारा माणूस बरेचदा तिथपर्यंत पोचायच्या आधीच थकलेला असतो, आणि त्यातून ओळ तुटून 'नका' खालच्या ओळीत गेला तर विचारूच नका. एका वर्कशॉपमधे अशीच ओळ एका ताईंना मी वाचायला दिली होती. त्यांनी बोट ठेवून नीट वाचली, पूर्ण वाचली, आणि मी विचारलं सोमवारी सकाळी घरी काय कराल तर म्हणाल्या, "खायचं नाही. आई म्हणाली तरी खायचं नाही. कागदात लिहिलंय." इतक्या ठामपणे की बाजूच्या टीचरपण गप्प झाल्या. वाचनात ताईंचं काही चुकलं नव्हतं, ती ओळच घातक होती. ती बदलून 'घरून नाश्ता करून या' केली आणि बाजूला ताटलीत पोळी-भाजीचा फोटो लावला. दुसऱ्या एका दादांना ती दिली तेव्हा त्यांनी नुसता फोटो बघूनच सांगितलं, "खाऊन यायचं". तेव्हा प्रत्येक 'नका', 'नये', 'शिवाय' शोधा आणि विचारा, मग करायचं काय? ते लिहा. तुमच्या नोटिशीतलं 'जमा केल्याशिवाय करण्यात येणार नाहीत' हे तर दोन नकारांचं आहे, त्याचं होतं 'तुमचं कार्ड आणा'.

चित्रातल्या नकाराचंही तेच. ताटलीवर लाल फुली मारली की आपल्याला कळतं खायचं नाही, पण खूप जणांना आधी ताटली दिसते आणि फुली म्हणजे वहीत बाईंनी मारलेली 'चूक'. म्हणून करायची गोष्टच दाखवा, न करायची दाखवू नका.

तर नोटीस साधारण अशी होईल. प्रत्येक ओळीच्या डावीकडे एक फोटो आहे असं समजा.

सोमवारी दातांचे डॉक्टर येणार आहेत.
सोमवार, 14 जुलै.
डॉक्टर आपल्या वर्कशॉपमधे येतील.
तुमचा नंबर चहानंतर आहे.
तुम्ही खुर्चीवर बसाल.
डॉक्टर छोट्या आरशाने तुमचे दात बघतील.
दुखलं तर हात वर करा. डॉक्टर थांबतील.
घरून नाश्ता करून या.
तुमचं यूडीआयडी कार्ड आणा.
काही विचारायचं असेल तर ऑफिसमधे ताईंना विचारा.

एवढंच, एक पान. 'डॉक्टर थांबतील' हे लिहिण्याआधी डॉक्टरांना फोन करून खरंच थांबाल का हे विचारून घ्या, कागदावरचं वचन खोटं ठरलं तर पुढचा कुठलाच कागद कोणी मानणार नाही. आणि 'तुम्ही' लिहिलंय ते बघितलंत ना? तुम्ही प्रश्नात 'आमची मुलंमुली' म्हणालात, प्रेमाने म्हणता हे मला माहितीये, पण त्यातले कितीतरी जण तिशी-चाळिशीचे असतील. कागदावर 'तू ये, तू आण' नको, आणि कार्टूनमधला हसणारा दातही नको. सोपं म्हणजे बालवाडी नव्हे.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय. तो सोपा नाही, पण कार्डावर तोच छापलेला आहे आणि बाहेर कुठेही गेलं तरी तोच विचारतात, तेव्हा तो बदलायचा नाही, बाजूला कार्डाचा मोठा फोटो लावायचा. फोटोतलं नाव आणि नंबर झाका.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात कमी फायदा होतो. चित्रं टाकली की आपोआप जास्त समजतं असं नाहीये, त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्षसुद्धा मिश्र आहेत, काही ठिकाणी मदत झाली काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. माझ्या अनुभवात ओळखीच्या जागेचा, ओळखीच्या वस्तूचा साधा मोबाईल फोटो सगळ्यात जास्त चालतो. ज्या खोलीत शिबिर आहे त्या खोलीचा, ज्या खुर्चीत बसवणार तिचा, डॉक्टरांनी हो म्हटलं तर त्यांचाही. फोटोत एकच गोष्ट हवी, मागे सामान, कॅलेंडर, दुसरी माणसं नकोत, नाहीतर वाचणारा मागच्या माणसाबद्दल बोलायला लागतो. नुसता एकटा दात काढलेलं चित्र काहींना कसलंतरी पांढरं फूल वाटतं, त्यापेक्षा उघड्या तोंडाचा फोटो बरा. ज्याचा फोटोच निघत नाही त्यासाठी, जसं 'विचारा' किंवा 'थांबा', अरासाकची चित्रं वापरा, स्पेनमधल्या आरागॉन सरकारची आहेत, फुकट मिळतात, फक्त त्यांचं नाव खाली द्यावं लागतं आणि धंद्यासाठी वापरता येत नाहीत. फोटो आणि रेखाचित्र एकाच पानावर फार मिसळू नका. आणि चित्र त्याच ओळीसमोर, वरखाली सरकलेलं नको, एक ओळ सरकली तरी 'कार्ड आणा' समोर ताटली येते.

अक्षरांचं पटकन सांगते. इन्क्लुजन युरोप या संघटनेने २००९ मधे बौद्धिक दिव्यांग लोकांना सोबत घेऊन ईझी रीडचे, म्हणजे वाचायला सोप्या मजकुराचे, नियम केले, त्यात कमीत कमी १४ पॉइंट सांगितलंय, पण ते रोमन अक्षरांच्या हिशोबाने आहे. आपल्याकडे वर मात्रा खाली उकार असतात, अक्षराचं पोट त्यामानाने लहान दिसतं, म्हणून मी १८ खाली जात नाही आणि ओळींमधे दीडपट जागा ठेवते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट साधे आहेत. मजकूर डावीकडून सरळ, दोन्ही कडा जुळवायच्या नाहीत, तिरकी अक्षरं नाहीत, मागे फिकट फुलांचं चित्र नाही. आणि एक वाक्य एका ओळीत मावेना तर जिथे बोलताना श्वास घेतो तिथे ओळ तोडा, कम्प्युटर तोडेल तिथे नाही.

आता खरा अवघड कागद, संमतीचा. तुमच्या नोटिशीत 'तपासणी व आवश्यक उपचार' असं आहे. या चार शब्दांत दात बघणंपण आलं आणि दात काढणंपण आलं, आणि शिबिर म्हटलं की फोटो निघणार आणि ग्रुपवर जाणार हे न बोलता आलंच. एका सहीत इतक्या गोष्टी मावत नाहीत, कोणाच्याच नाही. दात काढणं किंवा भरणं या फॉर्ममधे घेऊच नका, ते ज्याला लागेल त्याच्याशी नंतर, त्या दाताबद्दल, वेगळं बोलायचं. उरतात तीन प्रश्न आणि ते तीन वेगळे चौकोन हवेत: डॉक्टरांनी तुमचे दात बघायचे का? तुमचा फोटो काढायचा का? डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना सांगायचं का? तिसरा प्रश्न बघून तुमचे ट्रस्टी दचकतील, पण ही प्रौढ माणसं आहेत आणि तब्येतीची माहिती त्यांची आहे.

प्रत्येक प्रश्नाखाली तीन उत्तरं, 'हो', 'नाही' आणि 'मला आधी विचारायचंय'. तिसरं उत्तर गाळू नका, कारण त्याच्याशिवाय गोंधळलेला माणूस 'हो' वर जातो. तिन्ही चौकोन सारख्याच आकाराचे, सारख्याच रंगाचे. हिरवं हो आणि लाल नाही असं केलं की हिरवं म्हणजे बरोबर उत्तर असं होतं, टिक आणि फुलीचंही तेच, फुली कोणीच निवडत नाही कारण फुली म्हणजे चूक. आणि प्रश्नांच्या वरती, खाली बारीक अक्षरात नाही, हे लिहा:

तुम्ही 'नाही' म्हणू शकता.
'नाही' म्हणालात तरी तुमचं काम तसंच राहील.
तुमचा पगार तसाच राहील.
तुम्ही नंतर उत्तर बदलू शकता.

पगाराची ओळ मला प्रत्येक वर्कशॉपच्या फॉर्ममधे लागते. स्टायपेंड कितीही छोटा असो, तो जाईल या भीतीने लोक कशालाही हो म्हणतात आणि ही भीती ते बोलून दाखवत नाहीत.

फॉर्म तयार झाला की तो माणसांवर तपासा, टीचरवर किंवा पालकांवर नाही. चार-पाच जण पुरतात, पण एकेकटे बसवा, आई बाजूला असेल तर उत्तर आईच्या चेहऱ्यावरून येतं. कागद द्या, वाचू द्या, हवं तर तुम्ही वाचून दाखवा, सुरात चढउतार न करता. आणि "समजलं का?" हा प्रश्न आयुष्यात परत विचारू नका. बौद्धिक दिव्यांग माणसं हो-नाही प्रश्नांना खूप जास्त वेळा हो म्हणतात हे सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मधेच दाखवलंय, प्रश्न उलटा करून विचारला तरीसुद्धा हो येतो. त्याऐवजी करायला लावा. टेबलावर कार्ड, छत्री आणि पाण्याची बाटली ठेवा आणि म्हणा, "सोमवारी यातलं काय आणाल?" कॅलेंडर पुढे करा, "कुठला दिवस, बोट ठेवा." संमतीसाठी विचारा, "शेजारचा दादा म्हणाला मला दात नाही दाखवायचे, तर काय होईल?" यावर "ताई रागवतील" किंवा "पगार कापतील" आलं तर समजा की तुमची ओळ पोचली नाही. आणि एकदा प्रश्न फिरवून बघा, "डॉक्टर दात बघतील की केस कापतील?" आणि थोड्या वेळाने "केस कापतील की दात बघतील?" जो दोन्ही वेळा शेवटचाच पर्याय सांगतो त्याला अजून समजलेलं नाही, त्याचा तो होकार धरायचा नाही.

जिथे अडले ती ओळ बदला आणि बदललेला कागद नव्या माणसांना द्या, त्याच माणसांना दिला तर ते पाठ केलेलं सांगतात. तपासणाऱ्यांना त्या वेळेचे पैसे द्या, हे काम आहे, खेळ नाही.

काही जणांना हे सगळं करूनही कागदावरून कळणार नाही, ज्यांना चित्र म्हणजे वस्तू हेच लागत नाही त्यांना तर नाहीच. त्यांच्यासाठी कागद आणखी सोपा करत बसू नका. डॉक्टरांचा छोटा आरसा आधी आणून हातात द्या, खुर्चीत बसवून बघा, दुसऱ्याची तपासणी दुरून बघू द्या. मान फिरवली, तोंड मिटलं, उठून गेला, तर ते 'नाही' आहे आणि ते तसंच फॉर्मवर लिहून ठेवा, कोणी बघितलं त्याच्या नावासकट.

आता तुमच्या ऑफिसमधून हमखास येणारा प्रश्न, "यांच्या सहीला काय अर्थ आहे, पालकांची घ्या." दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ मधे संवादाच्या व्याख्येतच सोपी भाषा आहे, आणि कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांसारखीच क्षमता आहे. अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते, पण तुमच्याकडच्या किती जणांचं ते झालंय हे आधी फाईल उघडून बघा, अनेकांचं झालेलंच नसतं. ज्यांचे नेमलेले पालक आहेत त्यांची सही लागेल तिथे घ्या, पण माणसाला विचारणं त्याने संपत नाही. बाकीच्यांच्या घरच्यांना नोटिशीची प्रत नक्की द्या, त्यांचा विश्वास लागतोच, पण त्यांची सही माणसाच्या उत्तराच्या जागी चिकटवू नका.

शिबिर घेणाऱ्यांकडून त्यांचा छापील फॉर्म येईलच आणि तो बदलून देत नाहीत, तिथे भांडण्यात वेळ घालवू नका. तुमचा सोपा फॉर्म वर आणि त्यांचा खाली असं स्टेपल करा, त्यांच्या फॉर्मवर जिथे 'उपचार' आहे तिथे डॉक्टरांसमोर 'फक्त तपासणी' असं पेनाने लिहून घ्या, आणि ज्यांनी फोटोला नाही म्हटलंय त्यांची यादी कॅमेरा धरणाऱ्याच्या हातात सकाळीच द्या. सोप्या फॉर्मची एक प्रत माणसाकडे राहायला हवी, घरी नेऊन परत बघायला. सोमवारी सकाळी, खुर्चीत बसायच्या आधी, त्याच कागदावर बोट ठेवून परत एकदा विचारा, कारण शुक्रवारचं हो सोमवारी टिकेलच असं नाही आणि उत्तर बदलता येतं हे तुम्हीच त्यात लिहिलंय.